उद्यापासून एकही नवा आयडी लागला नाही तर? बायनरी प्लॅनचा हिशेब

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एखाद्या हॉलमध्ये रविवारी सकाळी साखळी मार्केटिंगचा ‘प्लॅन’ दाखवला जातो, तेव्हा फळ्यावर एक गोल काढतात. त्याच्याखाली दोन गोल, त्यांच्याखाली चार. डाव्या आणि उजव्या बाजूला एकेक माणूस आला, म्हणजे एकेक नवा आयडी लागला, की एक ‘पेअर’ जुळते आणि पेअरमागे कमिशन मिळतं. बसलेल्यांच्या डोक्यात त्या वेळी एकच शंका असते, की कधीतरी माणसं संपतील. तिचं उत्तर वक्त्याकडे तयार असतं: “देशात एकशे चाळीस कोटी लोक आहेत, तुम्हाला दोनच हवेत.”

माणसं संपण्याची भीती खरी आहे, पण तो फार पुढचा प्रश्न आहे. या रचनेत भरती धडाक्यात चालू असतानाही, अगदी पहिल्या महिन्यापासून, बहुतेक लोक तोट्यातच असतात. हे अंदाजाने बोलायची गरज नाही, कागदावर मांडता येतं. इथले आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमच्या हातातल्या प्लॅनचे आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करता येईल.

समजा, जॉइन होण्यासाठी १०,००० रुपयांचं ‘प्रॉडक्ट पॅकेज’ घ्यावं लागतं. एका पेअरला १,००० रुपये मिळतात. त्यातून ५ टक्के ‘अ‍ॅडमिन चार्ज’ आणि २ टक्के टीडीएस कापला, की हातात ९३० येतात. पॅकेजमध्ये ज्यूसच्या बाटल्या, प्रोटीन पावडर आणि दोन साबण आहेत. तशाच वस्तू मेन रोडवर घ्यायला गेलं तर साधारण २,५०० रुपयांत येतात असं धरू. म्हणजे वस्तूंची किंमत वजा केल्यावर खरे गुंतलेले पैसे ७,५००. ते परत यायला नऊ पेअर लागतात, म्हणजे डावीकडे निदान नऊ आणि उजवीकडे निदान नऊ माणसं, मग ती तुम्ही आणलेली असोत वा तुमच्या खालच्यांनी.

आता कंपनीला झुकतं माप देऊ. प्रत्येकाने बरोबर दोन माणसं आणली, कुणी मागे राहिलं नाही, कुठे फांदी तुटली नाही, असं सुबक झाड अकरा पातळ्यांपर्यंत वाढलं असं मानू. असं झाड प्रत्यक्षात कुठेच उगवत नाही, पण याहून चांगली परिस्थिती कंपनीलाही मागता येणार नाही. या झाडात एकूण २,०४७ माणसं असतात. सगळ्यात खालच्या पातळीवर १,०२४ माणसं आहेत, त्यांच्याखाली कुणीच नाही, त्यांची कमाई शून्य. म्हणजे अर्धे लोक इथेच संपले. त्यांच्या वरच्या ५१२ जणांच्या खाली दोन-दोन माणसं आहेत, त्यांना एक पेअर. त्यांच्या वरच्या २५६ जणांना तीन पेअर. त्यांच्याही वरच्या १२८ जणांना सात पेअर, म्हणजे ६,५१० रुपये. गुंतलेले ७,५०० त्यांचेही सुटले नाहीत.

त्याच्या वरच्या पातळीला पंधरा पेअर मिळतात आणि तिथून नफा सुरू होतो. तिथपासून टोकापर्यंत सगळी मिळून माणसं किती? १२७. उरलेली १,९२० तोट्यात. टक्केवारीत सांगायचं तर सुमारे सहा टक्के नफ्यात आणि चौऱ्याण्णव टक्के तोट्यात.

यावर “अजून एक लेव्हल होऊ द्या, खालचेही वर येतील” असं सांगतात. होऊ देऊ. बारावी पातळी भरली की सात पेअरवर अडकलेले १२८ जण पंधरा पेअरवर जातात आणि खरोखर नफ्यात येतात. पण त्यासाठी खाली २,०४८ नवी माणसं आली आहेत. आता एकूण ४,०९५ पैकी २५५ नफ्यात आणि ३,८४० तोट्यात. प्रमाण पुन्हा तेच, सहा आणि चौऱ्याण्णव. झाड कितीही उंच झालं तरी शेवटच्या चार पातळ्या नेहमी तोट्यात राहतात, आणि झाडातली बहुतांश माणसं त्या चार पातळ्यांतच असतात. म्हणून “मेहनत कमी पडली” हे कारण या चौऱ्याण्णव टक्क्यांना लागू होत नाही. सगळ्यांनी सारखी मेहनत केली असं धरूनच हा आकडा आला आहे.

खऱ्या झाडात याहून वाईट घडतं, कारण ते एका बाजूला कलतं. अपलाइन, म्हणजे साखळीत तुमच्या वर असलेली माणसं, आपली भरती तुमच्या एका लेगखाली, म्हणजे एकाच बाजूला, टाकते आणि सांगते की तुमचा पॉवर लेग आम्हीच बांधून देतोय, तुम्ही फक्त दुसरी बाजू सांभाळा. डावीकडे चारशे आणि उजवीकडे सहा झाले तर पेअर सहाच. डावीकडचे ३९४ पुढच्या महिन्यात ‘कॅरी फॉरवर्ड’ होतात, किंवा प्लॅनमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असेल तर ‘फ्लश’ होतात, म्हणजे हिशेबातून पुसले जातात. अ‍ॅपवर मात्र ‘टीम ४०६’ असा आकडा चमकत राहतो आणि माणसाला वाटतं, आपण जवळ पोचलो आहोत.

आणखी एक अट बहुतेक बायनरी प्लॅनमध्ये सापडते, ती म्हणजे कॅपिंग. दिवसाला किंवा आठवड्याला अमुक पेअरच्या वर पैसे मिळणार नाहीत. विचारलं तर “सगळ्यांना संधी मिळावी म्हणून” असं सांगतात. खरं कारण वरच्याच हिशेबात आहे. अकरा पातळ्यांच्या झाडात माणशी सरासरी साडेचार पेअर द्याव्या लागतात आणि दर नव्या पातळीला ही सरासरी अर्ध्या पेअरने वाढते. बावीस पातळ्यांना ती दहावर जाते, म्हणजे पॅकेजचे दहा हजारच्या दहा हजार कमिशनमध्येच संपतात. माल, जीएसटी, ऑफिस कशालाच काही उरत नाही. त्या आधी वरच्या लोकांच्या कमाईला बूच मारावंच लागतं. कॅपिंगची अट लिहिणाऱ्याला हे गणित पक्कं माहीत असतं.

आता दुसरीकडे पाहू. सिडकोतल्या एका बाई घरोघर मसाले आणि पापड विकतात असं समजा. ४०,००० रुपयांचा माल घाऊक भावाने उचलून त्या तो ५०,००० ला विकतात. महिन्याला शंभर घरं सरासरी पाचशे रुपयांचा माल घेतात. दहा हजारांतून गाडीचं पेट्रोल, फुटलेली पाकिटं आणि थोडी उधारी गेली की सात-साडेसात हजार हातात राहतात. हे काम खडतर आहे आणि यात कुणी मंचावर बोलावून हार घालत नाही. पण ही शंभर घरं मसाला खातात म्हणून पैसे देतात. त्यातल्या एकाही बाईला पापडवाल्यांच्या साखळीत वर चढायचं नाही. उद्या हा धंदा बंद पडला तर गिऱ्हाईकं दुसरीकडून पापड घेतील, कुणाचे पैसे अडकणार नाहीत.

त्यांनी सातपूरसाठी दुसरी एक बाई नेमली आणि तिच्या विक्रीवर दोन टक्के घेतले, तरी धंदा तसाच स्वच्छ राहतो. म्हणजे कमिशनच्या पातळ्या असणं हा काही गुन्हा नाही. साबणाच्या कंपन्या, पुस्तकवाले असे अनेक जण विक्रीची माणसं साखळीने नेमतात. फरक कळतो तो एका व्यवहारी गोष्टीत. मालाच्या विक्रीवर जगणारी कंपनी विक्रेते मोजून नेमते. पंचवटीला एक स्टॉकिस्ट, नाशिक रोडला एक, आणि एकाने दुसऱ्याच्या हद्दीत माल टाकला तर तक्रार होते. कारण एका गल्लीत दहा विक्रेते झाले तर दहाही उपाशी राहतील, हे कंपनीला कळतं. साखळीवाली कंपनी त्याच गल्लीत, त्याच बिल्डिंगमध्ये, त्याच घरात नवरा-बायकोच्या नावावर वेगवेगळे आयडी लावून देते. ग्राहकाच्या तुलनेत विक्रेते किती झाले याची तिला फिकीर नसते, कारण तिचा ग्राहक म्हणजे विक्रेताच असतो.

इथे एक आकडेमोड मीटिंगमध्ये हमखास दाखवतात: एमआरपी १,४५०, डिस्ट्रिब्युटर प्राइस १,१६०, म्हणजे बाटलीमागे २९० रुपये ‘रिटेल प्रॉफिट’. कागदावर बरोबर आहे. पण रजिस्ट्रेशन फुकट असेल आणि आयडी काढला की कुणालाही १,१६० ला बाटली मिळत असेल, तर १,४५० देणार कोण? शेजारी एकदा भिडेखातर घेतील, दुसऱ्यांदा स्वतःचाच आयडी काढतील आणि तुमची अपलाइनच त्यांना तसं सुचवेल. त्यामुळे बहुतेकांच्या बाबतीत हे रिटेल प्रॉफिट माहितीपत्रकातच राहतं. त्याची खूण सोपी आहे. वर्षभर काम करणाऱ्या माणसाला विचारा की गेल्या महिन्यात ज्यांच्याकडे आयडी नाही अशा किती लोकांनी पूर्ण एमआरपी देऊन माल घेतला आणि त्यांची बिलं कुठे आहेत.

कायदा काय म्हणतो ते आता पाहू, कारण “आम्ही गव्हर्न्मेंट अप्रूव्ह्ड आहोत” हे वाक्य सर्रास कानावर येतं. कंपनीची नोंदणी, जीएसटी क्रमांक, खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा परवाना हे सगळं खरं असू शकतं. त्यातल्या कशानेही कमिशनचा प्लॅन तपासला गेलेला नसतो.

प्लॅनला लागू होतात त्या मुख्यतः दोन गोष्टी. पहिला १९७८ चा प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन स्कीम्स बंदी कायदा. सभासद नोंदवण्याच्या घटनेवर पैसे मिळणं अवलंबून असलेली योजना त्यात बसते. कलम ३ प्रमाणे अशी योजना चालवायला बंदी आहेच, शिवाय तिच्यात सभासद होणं, भाग घेणं, तिच्यासाठी पैसे घेणं किंवा पाठवणं यालाही बंदी आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम १९७८ सालची आहे हे दिसतंच आहे. पण कैदेची तरतूद खालच्या माणसालाही लागू शकते, हे मात्र मीटिंगमध्ये कुणी सांगत नाही.

दुसरे म्हणजे ग्राहक संरक्षण कायद्याखालचे डायरेक्ट सेलिंग नियम, २८ डिसेंबर २०२१ ला अधिसूचित झालेले. त्यांत पिरॅमिड योजनेला मनाई आहे. जॉइन होताना प्रवेश फी घेता येत नाही. करारानंतर विनादंड बाहेर पडण्यासाठी ठरावीक मुदत, म्हणजे कूलिंग-ऑफ पिरियड, ठेवावा लागतो. विकण्याजोगा माल परत घ्यायची सोय असावी लागते. भारतात नोंदणीकृत ऑफिस आणि तक्रार निवारण अधिकारी असणं सक्तीचं आहे. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही, असंही त्यात आहे. विम्याच्या बाबतीत तर विमा कायद्याचं कलम ४२अ मल्टिलेव्हल मार्केटिंगने पॉलिसी विकायला सरळ बंदीच घालतं. त्यामुळे पॉलिसीवर ‘पेअर’ देणारा प्लॅन समोर आला तर पुढची चर्चाच नको.

प्रवेश फी बंद झाल्यावर प्लॅनवाल्यांनी काय केलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. रजिस्ट्रेशन फुकट झालं, पण आयडी ‘अ‍ॅक्टिव्ह’ व्हायला पॅकेज आलं. पैसे तेवढेच, पावतीवरचं नाव बदललं. म्हणून फी आहे का हे विचारून फार उपयोग नाही. काहीही विकत न घेता मी बाहेरच्या ग्राहकांना माल विकला तर मला कमिशन मिळेल का, हे विचारावं. पुढे दर महिन्याला १,५०० रुपयांचं रिपर्चेस केलं नाही तर जमलेल्या पेअर गोठतात का, हेही विचारावं. गोठत असतील तर ती खरेदी तुम्हाला माल हवा म्हणून होणार नाही, कमिशनची दारं उघडी ठेवायचं ते भाडं असेल.

एक अडचणीची जागा इथे आहे आणि ती सांगायलाच हवी. डाउनलाइनने, म्हणजे साखळीतल्या खालच्या माणसांनी, स्वतःच्या घरासाठी केलेली खरेदी ही खरी विक्री मानायची की भरतीचा पैसा, याची ठोस टक्केवारी आपल्या नियमांत दिलेली नाही. अमेरिकेत १९७९ साली अ‍ॅमवेच्या प्रकरणात तिथल्या व्यापार आयोगाने कंपनीचा प्लॅन पिरॅमिड नाही असं ठरवलं. त्यात कंपनीच्या काही अंतर्गत नियमांना वजन दिलं गेलं: घेतलेल्या मालापैकी ७० टक्के माल विकलेला असावा, महिन्याला निदान दहा ग्राहकांना विक्री झालेली असावी, आणि न खपलेला माल परत घेतला जावा. आपल्याकडे २००७ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने त्याच कंपनीच्या इथल्या योजनेला १९७८ चा कायदा लागू होतो असं म्हटलं. तेव्हा मोठं नाव पाहून निश्चिंत होऊ नये. पण सत्तर टक्के आणि दहा ग्राहक हा मापदंड स्वतःपुरता वापरायला काहीच हरकत नाही.

नाशिकला साखळी योजनांची ओळख नव्याने करून द्यायला नको. केबीसी या ठेवी घेणाऱ्या कंपनीच्या प्रकरणाचा केंद्रबिंदू इथेच होता आणि २०१४ मध्ये ते फुटलं तेव्हा राज्यभरातले ठेवीदार पोळले. फक्त तिथे पैसे ठेव म्हणून घेतले होते. अशा प्रकरणांना महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, म्हणजे एमपीआयडी, लागतो आणि त्यात मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे देण्याची वाट असते. प्रॉडक्ट पॅकेजवाल्या प्लॅनमध्ये तुमच्याकडे ठेवीची पावती नसते, मालाचं बिल असतं. कंपनी म्हणते, “पैसे घेतले, माल दिला, व्यवहार संपला.” ज्यूसच्या बाटल्या हा अशा वेळी कंपनीचा बचाव असतो. निफाड-दिंडोरीत द्राक्षाचे पैसे हातात आले की, किंवा अंबड-सातपूरमध्ये दिवाळीचा बोनस झाला की असा प्लॅन दाखवायला कुणी आलं, तर ठेव आणि पॅकेज यांतला हा फरक आधी मनात ठेवावा.

कुणी कमाईचा पुरावा म्हणून चेकचा फोटो किंवा बँकेत पैसे जमा झाल्याचा स्क्रीनशॉट दाखवला, तर त्याच्याकडे दोन कागद मागा. एक, आयकर पोर्टलवरचा त्याचा फॉर्म २६एएस. कमिशनवर टीडीएस कापला जातो, त्यामुळे कंपनीने वर्षभरात त्याला खरोखर किती दिले ते तिथे दिसतं. “महिन्याला लाख” सांगणाऱ्याच्या वर्षाच्या बेरजेत ऐंशी हजार निघाले तर बोलणं संपलं. दोन, अ‍ॅपमधलं इन्कम स्टेटमेंट, त्याच्या रकान्यांसकट. रिटेल प्रॉफिट, पेअर किंवा मॅचिंग इन्कम, रिपर्चेस इन्कम, रँक बोनस असे भाग त्यात वेगळे असतात. मॅचिंगचा रकाना झाकून उरलेली बेरीज करा. उद्यापासून एकही नवा आयडी लागला नाही तर त्याला साधारण एवढेच पैसे मिळतील. त्यातून त्याचं स्वतःचं रिपर्चेस, सेमिनारची तिकिटं, हॉलची वर्गणी आणि पेट्रोल वजा करा. हे आकडे दाखवायला तो तयार नसेल, तर तेही उत्तरच झालं.

आधीच आत असलेल्यांनी सगळ्यात आधी नवी माणसं जोडणं थांबवावं. पैसे सुटायला दोन माणसं आणून बाहेर पडू, हा विचार कायद्याने आणि नात्याने दोन्हीकडून महागात पडतो. मावसभावाला आणलं की त्याच्या दहा हजारांसाठी तो कंपनीच्या ऑफिसात जाणार नाही, तुमच्या दारात येईल. मग करार किंवा अटींचं पान डाउनलोड करून कूलिंग-ऑफची मुदत पाहावी आणि ती शिल्लक असेल तर त्याच दिवशी तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने रद्द करत असल्याचं कळवावं. अपलाइनला व्हॉट्सअ‍ॅप केलं म्हणजे कंपनीला कळवलं असं होत नाही. पैसे अपलाइनच्या यूपीआयवर दिले असतील तर त्या व्यवहाराचा क्रमांक आणि तेव्हाचं चॅट जपून ठेवावं, कारण कंपनी आधी “आम्हाला मिळालेच नाहीत” म्हणते.

तक्रारीची पोच ४८ कामकाजी तासांत आणि निवारण साधारण महिनाभरात व्हावं, असं नियमांत आहे. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवावी आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं. प्लॅन भरतीवरच चालतो असं कागदावरून दिसत असेल तर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे लेखी अर्ज द्यावा. सोबत प्लॅनची पीडीएफ, बिलं आणि मॅचिंग इन्कमचं स्टेटमेंट जोडावं. एकट्याने जाण्यापेक्षा पाच-सात जणांनी मिळून दिलेल्या अर्जाची दखल लवकर घेतली जाते.

मालाचं मात्र लगेच पाहावं. परत घेण्याची अट ‘विकण्याजोग्या’ मालापुरती असते. सील तुटलेली बाटली किंवा मुदत उलटत आलेली पावडर कंपनी नाकारू शकते. घरात पडलेल्या प्रत्येक वस्तूचा बॅच क्रमांक, एक्स्पायरी आणि सील दिसेल असा फोटो काढा. तारीख जवळ आलेल्या वस्तूंचा परतीचा अर्ज आधी पाठवा आणि कुरियरची पावती बिलाला टाचून ठेवा.